चाळीस पिकोसेकंदांचा हिशेब

पुण्यातल्या एका चिप डिझाइन कंपनीत मी टायमिंगचं काम करते. डिझाइन ठरलेल्या वेगाने चालेल की नाही, हे चिप कारखान्यात जाण्याआधी कागदावर सिद्ध करणं म्हणजे हे काम. इथे सांगते आहे ती गोष्ट एका डिजिटल फिल्टरच्या ब्लॉकची आहे. त्याला ५०० मेगाहर्ट्झवर चालायचं होतं, म्हणजे क्लॉकच्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत २.०० नॅनोसेकंद. आकडे सोपे करून सांगते. जिटरसाठी ठेवायची राखीव वेळही बाजूला ठेवते, म्हणजे हिशेब बोटांवर करता येईल.

ब्लॉकची रचना अगदी सरळ होती. गुणाकार व्हायचा, तो ॲक्युम्युलेटरमध्ये आधीच्या बेरजेत मिळवला जायचा, मग बेरजेचं राउंडिंग आणि सॅच्युरेशन होऊन उत्तर आउटपुट रजिस्टरमध्ये बसायचं आणि तिथून शेजारच्या ब्लॉकला जायचं.

प्रत्येक टप्प्याचा हिशेब सारखाच असतो. क्लॉकचा ठोका पडला की फ्लॉपच्या आउटपुटवर नवी किंमत यायला थोडा वेळ लागतो, त्याला क्लॉक-टू-क्यू म्हणतात. आमच्या फ्लॉपचा तो ०.१२ नॅनोसेकंद होता. मग मधल्या लॉजिकचा वेळ. आणि पुढच्या फ्लॉपवर ठोका पडण्याच्या थोडं आधीच ती किंमत स्थिर होऊन थांबलेली लागते. हा सेटअप, आमच्याकडे ०.०८. तिन्हींची बेरीज ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त, तो क्रिटिकल पाथ आणि ती बेरीज म्हणजे सर्वांत कमी क्लॉक पिरियड. कॉलेजात इतकंच शिकवतात आणि क्लॉक सगळ्या फ्लॉपना एकाच क्षणी पोचत असेल तर ते बरोबरही आहे.

क्लॉक ट्री बांधण्याआधी आम्ही तसंच गृहीत धरलेलं असतं. त्या हिशेबात ॲक्युम्युलेटरचा रस्ता सर्वांत वाईट होता. रजिस्टरमधून निघून बेरीज करून परत त्याच रजिस्टरमध्ये येणारं लॉजिक १.७० चं होतं. ०.१२, १.७० आणि ०.०८ मिळून १.९०, म्हणजे ०.१० शिल्लक. ॲक्युम्युलेटरपासून आउटपुट रजिस्टरपर्यंतचं राउंडिंगचं लॉजिक १.६२ चं. त्याची बेरीज १.८२ आणि शिल्लक ०.१८. या रस्त्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हतं.

क्लॉक ट्री बांधून झाली आणि खऱ्या तारांवरचा पहिला रिपोर्ट आला. त्यात ॲक्युम्युलेटर पास होता आणि राउंडिंगचा रस्ता नापास. सगळे तपशील गाळले तर रिपोर्ट असा दिसत होता:

```
clock network delay (propagated)   0.58   0.58
clock-to-Q                         0.12   0.70
logic                              1.62   2.32
data arrival time                         2.32

clock period                       2.00   2.00
clock network delay (propagated)   0.36   2.36
setup                             -0.08   2.28
data required time                        2.28
slack (VIOLATED)                         -0.04
```

चाळीस पिकोसेकंद कमी. आमच्या टीममध्ये नुकताच आलेला सांगलीचा एक मुलगा हा ब्लॉक सांभाळत होता. त्याने लगेच लॉजिकमधल्या गेट्सची यादी काढली. "मॅडम, यातले चार-पाच सेल लो-व्हीटीचे टाकले तर चाळीस सहज निघतील," तो म्हणाला. निघाले असतेच. लो-व्हीटी सेल वेगाने चालतात, पण काम नसतानाही जास्त करंट गळतो. हा फिल्टर बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणासाठी होता आणि गळतीचा वाटा आधीच संपत आलेला होता.

"अरे, लॉजिक वाढलंय का कुठे?" मी विचारलं. त्याने जुना रिपोर्ट काढला. जवळपास तेवढंच होतं. मग बिघडलं काय, हे शोधायला गेट्सच्या यादीची गरजच नव्हती. रिपोर्टमधल्या क्लॉकच्या दोन ओळी पुरेशा होत्या. ॲक्युम्युलेटरला ठोका ०.५८ ला पोचत होता आणि आउटपुट रजिस्टरला ०.३६ ला. या दोन वेळांमधला फरक म्हणजे स्क्यू. घेणाऱ्याच्या वेळेतून देणाऱ्याची वजा करायची: ०.३६ वजा ०.५८, म्हणजे उणे ०.२२.

नव्या माणसाला हे सांगताना मी गाडीचं उदाहरण देते. पुण्याच्या स्टेशनातलं घड्याळ मागे आहे आणि मुंबईचं पुढे. गाडी पुण्याच्या घड्याळाने वेळेवर सुटली तरी खरं तर उशिरा सुटते आणि मुंबईत तिची वाट खरी वेळ होण्याआधीच पाहिली जाते. रूळ तेच, इंजिन तेच, तरी गाडी उशिरा आली असंच लिहिलं जातं. आमच्या रस्त्यावर तेच झालं होतं. सूत्रात मांडलं तर:

```
T >= t_cq + t_logic + t_setup - skew
```

इथे ०.१२, १.६२ आणि ०.०८ मिळून १.८२, त्यातून उणे ०.२२ वजा केले की २.०४. म्हणजे ब्लॉक फार तर ४९० मेगाहर्ट्झवर चालला असता. ॲक्युम्युलेटरच्या रस्त्यावर मात्र निघायचं आणि पोचायचं रजिस्टर एकच. त्याचं क्लॉक कितीही उशिरा येवो, दोन्हीकडचा उशीर एकमेकांना खाऊन टाकतो. तिथली बेरीज १.९० च राहिली. लॉजिक जास्त असलेला रस्ता सुटला आणि कमी असलेला अडकला, तो यामुळे.

मग प्रश्न असा की ०.२२ चा फरक आला कुठून. क्लॉक ट्री बांधणारं टूल सगळ्या फ्लॉपना शक्यतो एकाच वेळी ठोका पोचवायला बघतं, एवढा फरक ते उगाच ठेवत नाही. आम्ही कन्स्ट्रेंट्सची फाइल उघडली. त्यात एक ओळ होती, आउटपुट रजिस्टरचं क्लॉक मुद्दाम लवकर पोचवा अशी. पहिल्या फ्लोअरप्लॅनमध्ये शेजारचा ब्लॉक चिपच्या दुसऱ्या टोकाला होता आणि तिथवरच्या तारेतच बराच वेळ जायचा. आउटपुट रजिस्टरचा ठोका लवकर दिला की सिग्नल लवकर निघतो आणि पुढच्या टप्प्याला जास्त वेळ मिळतो. तेव्हा तो निर्णय योग्यच होता. पुढे दोन्ही ब्लॉक शेजारीशेजारी आणले गेले, तार आखूड झाली, पण ती ओळ तशीच राहिली.

आता त्या पुढच्या टप्प्याचा हिशेब पाहू. तार आणि लॉजिक मिळून १.४०, म्हणजे बेरीज १.६०. घेणाऱ्या फ्लॉपला क्लॉक ०.५२ ला पोचत होतं, म्हणून स्क्यू अधिक ०.१६ आणि लागणारा पिरियड फक्त १.४४. एका टप्प्यावर ०.५६ पडून आणि त्याच्या आधीच्या टप्प्यावर ०.०४ कमी. हे पाहिल्यावर लॉजिकला हात लावणं मला पैसे असून कर्ज काढण्यासारखं वाटलं.

आउटपुट रजिस्टरचं क्लॉक उशिरा आणायचं, एवढंच करायचं होतं. पण शेजारचा ब्लॉक बंगळूरच्या टीमचा होता आणि त्यांच्या टप्प्यातला वेळ आपण कापणार, तर विचारायला हवं. फोनवर तिकडचा माणूस सुरुवातीला सावध होता. मी १.४४ चा १.५४ होईल असं सांगितलं आणि त्याने स्वतः आकडे तपासून होकार दिला. तोवर ट्री गोठवलेली होती, त्यामुळे ती ओळ काढून सगळं पुन्हा बांधणं शक्य नव्हतं. कॅरी सर्वांत उशिरा पोचतो अशा वरच्या काही बिट्सच्या क्लॉकवर एक बफर टाकायचा आणि त्यांना ०.१० उशीर द्यायचा, असं ठरलं. स्क्यू उणे ०.१२ झाला आणि रस्ता १.९४ मध्ये बसला.

इथे बरेचजण फाइल बंद करतात. पण क्लॉक हलवलं की सेटअपचं उत्तर अर्धंच असतं. दुसरी अर्धी बाजू होल्डची: घेणाऱ्या फ्लॉपवर ठोका पडल्यावरही जुनी किंमत थोडा वेळ टिकली पाहिजे, नवी किंमत त्याआधी घुसता कामा नये.

```
t_cq(min) + t_logic(min) >= t_hold + skew
```

या सूत्रात T कुठेच नाही. सेटअप चुकला तर चिप कमी वेगावर चालवून निभावता येतं, होल्ड चुकला तर कितीही हळू चालवा, चूक तशीच राहते. प्रयोगशाळेत चिप हातात आल्यावर आम्ही हेच आधी बघतो. वेग कमी केल्यावर चूक गेली तर सेटअपचा संशय, प्रत्येक वेगाला तीच चूक दिसली तर होल्डचा.

राउंडिंगच्या रस्त्याला होल्डची भीती नव्हती, कारण तिथे डेटा अजूनही उशिराच निघत होता. अडचण स्कॅन चेनमध्ये निघाली. चाचणीसाठी सगळे फ्लॉप एका माळेत जोडलेले असतात आणि तिथे दोन फ्लॉपमध्ये लॉजिक नसतंच, नुसती तार असते. बफर लावलेल्या बिटच्या आधीचा फ्लॉप त्याच फांदीवर होता, पण बफर नसलेला. होल्ड सर्वांत वेगवान परिस्थितीत तपासतात, जिथे सगळेच उशीर आक्रसतात. तिथे बफर ०.०६ चा, क्लॉक-टू-क्यू ०.०७, तार ०.०१ आणि होल्ड ०.०४ होता. डेटा ०.०८ ला पोचत होता आणि थांबायला हवं होतं ०.१० पर्यंत. वीस पिकोसेकंद कमी. बफर टाकण्याआधी इथेच चाळीस जास्त होते.

उपाय स्वस्त होता. स्कॅनच्या तारेवर ०.०५ चा एक डिले सेल टाकला आणि अधिक ०.०३ मिळाले. चाचणीच्या वेळी स्कॅनचं क्लॉक सावकाश चालतं, त्यामुळे तिथे सेटअपचं काही बिघडलं नाही. त्या मुलाने दोन्ही कॉर्नरचे रिपोर्ट पुन्हा काढले आणि ब्लॉक २.०० वर स्वच्छ झाला. एकही लो-व्हीटी सेल लागला नाही.

नंतर एका बैठकीत कोणीतरी विचारलं की स्क्यूवरच एवढं मिळत असेल तर पुढच्या आवृत्तीत ५५० मेगाहर्ट्झ का नको. ५५० म्हणजे १.८२ नॅनोसेकंद. राउंडिंगच्या रस्त्याला क्लॉक आणखी सरकवून तिथवर कदाचित नेता येईल. ॲक्युम्युलेटर मात्र १.९० वर उभा आहे आणि स्वतःकडे परतणाऱ्या रस्त्यावर स्क्यू शून्यच असतो. तिथे क्लॉकच्या तारेवर कितीही बफर लावले तरी एक पिकोसेकंदही मिळणार नाही. एकतर आम्ही टाळत होतो ते महागडे सेल तिथे टाका आणि गळती सोसा, नाहीतर बेरीज आणि कॅरी वेगवेगळे साठवून त्या फेऱ्यातून कॅरीची लांब साखळीच काढून टाका. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने मत दिलं. ते काम टायमिंगवाल्यांचं नाही, आरटीएल लिहिणाऱ्यांचं आहे.