एक तक्ता, तीन उत्तरं

भाचीने वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. दोन स्ट्रिंग दिल्या आहेत आणि त्यांची सर्वांत लांब सामाईक सबसिक्वेन्स काढायची आहे. खाली तिचा प्रश्न: "मामा, लांबी ४ जुळली. पण माझं उत्तर BDAB आलं आणि बाईंचं BCBA. माझं कुठे चुकलं?"

*

फोटो तिरका, त्यात वरच्या ओळीवर हाताची सावली. आधी स्ट्रिंग कागदावर उतरवून घेतल्या: ABCBDAB आणि BDCABA. कॉर्मेन आणि मंडळींच्या पुस्तकातलं जुनंच उदाहरण. पहिल्या स्ट्रिंगमधला D सावलीत O सारखा दिसतो. O धरून सोडवलं तरी लांबी ४च येते, कारण BCBA ला D लागतच नाही. फक्त BDAB नाहीसं होतं. म्हणजे लांबी जुळली म्हणून फोटो नीट वाचला असं होत नाही.

*

सबसिक्वेन्समध्ये अक्षरांचा क्रम राखायचा, ती लागून असायलाच हवीत असं नाही. लागूनच हवीत असं धरलं, तर इथे AB किंवा BD यांच्यापुढे गाडी जात नाही. अक्षरं जुळली नाहीत की घरात ० लिहिणारी मुलं नकळत तेच दुसरं गणित सोडवत असतात.

*

तक्ता. पहिली स्ट्रिंग डावीकडे उभी, दुसरी वर आडवी. शून्यांची एक ओळ आणि एक स्तंभ आधीच घालून ठेवायचा. खाली तो दाखवलेला नाही. मग ओळीने भरत जायचं. अक्षरं जुळली तर वर-डावीकडच्या तिरप्या घरात १ मिळवायचा. नाही जुळली तर वरचं आणि डावीकडचं, यांतलं मोठं उचलायचं.

```
    B D C A B A
A   0 0 0 1 1 1
B   1 1 1 1 2 2
C   1 1 2 2 2 2
B   1 1 2 2 3 3
D   1 2 2 2 3 3
A   1 2 2 3 3 4
B   1 2 2 3 4 4
```

*

सर्वांत जास्त दिसणारी चूक: अक्षरं जुळल्यावर तिरप्याऐवजी वरच्या घरात १ मिळवणं. चौथ्या ओळीचं पहिलं घर बघा. B ला B जुळला. तिरप्या घरात ०, म्हणून उत्तर १. वरचं घर धरलं तर २ येतील, म्हणजे दुसऱ्या स्ट्रिंगचा एकच B दोनदा वापरला. ही चूक पकडायला पुन्हा गणित करावं लागत नाही. पहिल्या स्तंभात १ पेक्षा मोठा आकडा बसूच शकत नाही, दुसऱ्यात २ पेक्षा. शिवाय उजवीकडे किंवा खाली जाताना आकडा कधी घटत नाही, आणि एका पावलात एकापेक्षा जास्त वाढत नाही. भाचीचा तक्ता या कसोट्यांना उतरतो.

*

आता उलटं चालायचं, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून. तिथे ४. अक्षरं B आणि A, जुळत नाहीत. वरही ४, डावीकडेही ४. सगळा घोळ या तिठ्यावर आहे.

वर गेलो. A ला A जुळला. A टिपला, तिरपं सरकलो. तिथे ३, D आणि B. वर ३, डावीकडे २, म्हणून वर. B जुळला, टिपला. मग २, इथे डावीकडेच २ आहे, तिकडे गेलो. C टिपला. तिरप्या घरात १, तिथून डावीकडे. B टिपला आणि काठाला लागलो. हाती आलं A, B, C, B. उलटं वाचलं की BCBA. बाईंचं उत्तर.

तिठ्यावर डावीकडे वळलो, तर आधी B, मग A. पुढे D आणि C च्या घरात २, आणि पुन्हा वर २, डावीकडेही २. वर गेल्यास BCAB. डावीकडे गेल्यास D, B मिळून BDAB. भाचीचं उत्तर.

*

तिने फोटोत पहिली स्ट्रिंग वर आडवी मांडली आहे, बाईंनी डावीकडे उभी. "बरोबरी असेल तर वर जा" हा नियम दोघींचा एकच. पण तक्ता आडवा झाला की एकीचं वर ते दुसरीचं डावीकडे.

*

नुसती लांबी हवी असेल तर दोनच ओळी जवळ ठेवून भागतं. मागचा रस्ता शोधायला मात्र सगळा तक्ता लागतो. हिर्शबर्गने १९७५ साली स्ट्रिंगचे दोन तुकडे करत जाऊन थोड्या जागेतही उत्तर काढता येतं हे दाखवलं. वहीतल्या ४२ घरांसाठी त्याची गरज नाही.

*

भाचीला उत्तर: तुझं चुकलं नाही, बाईंचंही नाही, BCAB लिहिणाऱ्यालाही पूर्ण मार्क मिळायला हवेत. पेपरात कुठली स्ट्रिंग वर मांडलीस आणि बरोबरीला कुठे वळलीस, हे तक्त्याखाली एका ओळीत लिही. आणि पुढचा फोटो उजेडात काढ.