फुलांखाली हरवलेला माणूस

उर्दूत श्रद्धांजलीला ‘खिराज-ए-अकीदत’ म्हणतात. खिराज म्हणजे कर. आपण ज्याचे देणे लागतो त्याला ते चुकते करायचे, असा त्याचा साधा अर्थ. पण लेखणी हातात आली की आपण देणे बाजूला ठेवून फुले उधळू लागतो.

आमच्या नागपुरातल्या उर्दू शाळेच्या भित्तिपत्रकासाठी नववीतल्या एका मुलीने सुरेश भटांवर लिहून आणले. सुरुवात अशी होती: “मराठी गझलेच्या गगनातला तेजस्वी सूर्य मावळला. शब्दसृष्टी पोरकी झाली. काळानेही अश्रू ढाळले.” भाषा शुद्ध होती, मेहनत दिसत होती. आम्ही फक्त भटांच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणालो, “आता वाच. हे कोणाबद्दल आहे?” ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “कोणाबद्दलही असू शकेल.”

मग दुसरा प्रश्न विचारला, “यात रडतंय कोण?” गगन, शब्द आणि काळ. लिहिणारी स्वतः कुठेच नव्हती. मजकूर फुलोऱ्यात गेला हे ओळखायला या दोन खुणा बहुधा पुरतात. नाव बदलले तरी वाक्य तसेच चालते, आणि दुःख माणसाऐवजी निसर्ग करत असतो.

तिसऱ्या खेपेला आम्ही मजकूर मोठ्याने वाचायला लावला. जिथे तिचा आवाज आपोआप वक्तृत्वस्पर्धेतल्यासारखा चढला, तिथे पेन्सिलीने रेघ मारली. पहिली तिन्ही वाक्ये गेली. ‘महान’, ‘अजरामर’, ‘युगप्रवर्तक’ हे शब्दही गेले. प्रत्येक विशेषणाच्या जागी त्याचा पुरावा असलेली एखादी गोष्ट शोधायची, असे ठरले.

गोष्ट सापडली. भटांनी ‘गझलेची बाराखडी’ नावाची पुस्तिका काढली आणि नवख्या कवींना पत्रांतून गझल समजावून सांगितली. एवढा नावाजलेला कवी प्राथमिक शिक्षकासारखा बाराखडीपासून शिकवायला बसला. ‘महान’ म्हणण्याची मग गरज उरत नाही.

पण छाटणीलाही हद्द असते. जन्म अमरावती, १५ एप्रिल १९३२. मृत्यू नागपूर, १४ मार्च २००३. संग्रह ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’. एवढेच उरले तर तो सरकारी फॉर्म होतो. म्हणून एक वाक्य स्वतःचे हवे. तिने ते असे लिहिले: “काफिया आणि रदीफ हे शब्द मी उर्दूच्या तासाला शिकले. भटांमुळे ते मला मराठीतही भेटले, तेव्हा मराठीचा तास परका वाटेनासा झाला.”

त्या वाक्यात एकही उपमा नव्हती. भटांचे नाव काढून दुसरे घातले असते तर ते उभेच राहिले नसते. आम्ही त्याला पेन्सिल लावली नाही.