अतीत कोण?

माझी आई संगमनेरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी ती दोन किलो लोकवन गहू निवडून पातेल्यात भिजत घालायची. पुढे कधीतरी ‘मदर्स डे’ नावाचा दिवस आपल्याकडे आला. तो मेच्या दुसऱ्या रविवारी असतो, आणि आमच्या घरात तो रविवार कायम कुरडयांचाच असे. त्यामुळे त्या दिवशी फोन केला की आई एवढंच म्हणायची, “नंतर बोलू रे, चीक चुलीवर आहे.”

आईला स्वतःचं कौतुक कधी सोसलं नाही. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा सत्काराची शाल तिनं घरी येताच घडी करून कपाटात ठेवली, आणि साठीशांत करू म्हटल्यावर “त्या पैशात गच्चीची गळती काढून घे” म्हणाली. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी एका मदर्स डेला फुलांचा मोठा गुच्छ घरी पोहोचवायची व्यवस्था केली. संध्याकाळी तिचा फोन आला. फुलं छान आहेत, शेजारच्या पोरींना वाटली, आणि पुढच्या वर्षी असा खर्च करू नकोस. आवाजात राग नव्हता, संकोच होता. समोर कोणीतरी आपल्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवतंय, असं तिला वाटलं असावं. मला त्या रात्री वाईट वाटलं, कारण मला तिला आनंद द्यायचा होता आणि मी तिला अवघडून टाकलं होतं.

हा दिवस ज्यांच्यामुळे सुरू झाला त्या ॲना जार्विस यांची गोष्ट मी नंतर वाचली. त्यांची आई मे 1905 मध्ये गेली. 1908 मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चमध्ये त्यांनी पुढाकार घेऊन आईच्या स्मरणाचा कार्यक्रम घडवला, आणि 1914 मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मेचा दुसरा रविवार त्यासाठी जाहीर केला. पण पुढे कार्डं, फुलं, मिठाई यांचा बाजार मांडलेला पाहून ॲनाबाई आयुष्यभर त्याविरुद्ध भांडल्या. छापील कार्ड त्यांना अजिबात मान्य नव्हतं. मुलानं आईला आपल्या हातानं पत्र लिहावं, असं त्यांचं म्हणणं. मी हे आईला सांगितलं. ती गव्हातलं पाणी बदलत होती. “बाई समजूतदार होती,” ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

आता त्या कुरडयांबद्दल सांगतो, कारण आईशी बोलायची खरी भाषा मला तिथेच सापडली. गहू तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावं लागतं. एक दिवस चुकला तर आंबट वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी गहू वाटायचे, कापडातून पिळायचे, चोथा गुरांना द्यायचा. पांढरं दुधासारखं पाणी रात्रभर झाकून ठेवलं की चीक तळाशी बसतो. सकाळी वरचं पिवळसर पाणी अलगद ओतून टाकायचं. मग जेवढा चीक तेवढंच पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग घालायचं, आणि चीक बारीक धारेनं सोडत सतत ढवळायचं. एक क्षण हात थांबला तर गाठी. चीक घट्ट होत जातो तसा चाटू जड होतो आणि खांदा भरून येतो. शेवटी त्याला काचेसारखी चमक येते. ओल्या बोटानं टोचून पाहायचं, बोटाला चिकटला नाही म्हणजे शिजला. कच्चा राहिला तर कुरडई वाळताना तडकते, तळल्यावर फुलत नाही. गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर घालायच्या, म्हणून हे सगळं पहाटे पाचला सुरू करायचं, म्हणजे घातल्यावर दिवसभराचं ऊन मिळतं.

मी लहान असताना आठच्या सुमारास गच्चीवर जायचो. आईच्या दंडावर घाम असायचा, सोऱ्या फिरवून तळहात लाल झालेला. मला बघून ती काही बोलायची नाही. पातेल्याच्या कडेला माझ्यासाठी राखलेला चीक वाटीत घालायची, वर दूध आणि साखर, आणि वाटी न बघताच माझ्या दिशेला सरकवायची. नजर पुढच्या कुरडईवर. ती वाटी वर्षानुवर्षं कधीही विसरली गेली नाही.

तसंच पिठोरीला व्हायचं. आपल्याकडे श्रावण अमावास्या, पोळ्याचा दिवस, म्हणून मुलांना बैल आठवतात, पण तोच आपला जुना मातृदिन. आई उपवास करून चौसष्ट योगिनींची पूजा करायची. संध्याकाळी खीर-पुरीचं वाण डोक्यावर धरून पाठमोरी बसायची आणि विचारायची, “अतीत कोण?” मागे उभ्या मुलानं “मी” म्हणायचं आणि वाण उचलायचं. तिनं मागे वळून बघायचं नसतं. मला हे फार आवडायचं. एवढीच दोन माणसं, एक प्रश्न, एका अक्षराचं उत्तर. आईच्या स्वभावाला हाच दिवस शोभतो, असं मला आजही वाटतं.

गेल्या मेमध्ये मी पुण्यात पहिल्यांदा स्वतः कुरडया घातल्या. एक किलो गहू, तीन दिवस पाणी बदललं, चौथ्या दिवशी मिक्सरमधून वाटलं. पहिल्या घाण्याला गाठी झाल्या, तो आम्ही दूध-साखर घालून खाऊन टाकला. दुसरा जमला. त्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला मी आईला संदेश पाठवला:

“आई, चीक बोटाला चिकटला नाही. चाळीस कुरडया झाल्या. खांदा भरून आला. तू इतकी वर्षं एकटीनं करत होतीस, आणि माझी वाटी आधी काढून ठेवत होतीस. उत्तर द्यायची घाई नाही, तुझी कामं होऊ देत. – मी”

उत्तर दुपारी दोनला आलं. “तिन्ही दिवस पाणी बदललंस ना? संध्याकाळी उलटवून ठेव. दुसऱ्या दिवशी कडा बघ.” आणि खाली, थोड्या वेळानं, वेगळं: “खांद्याला तेल लाव.”

पिठोरीला मी कुरडयांचा डबा घेऊन संगमनेरला गेलो. आई आता ब्याऐंशीची आहे, उपवास डॉक्टरांनी बंद केलाय, पण वाण तिनं सोडलेलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली, खिरीची वाटी आणि पुऱ्या असलेलं ताट डोक्यावर धरलं. हात थोडे थरथरत होते. तिनं विचारलं, “अतीत कोण?”

“मी,” म्हटलं, आणि ताट घेतलं.

रात्री जेवायला बसलो तर पानात डाव्या बाजूला तळलेली कुरडई होती. फुललेली, पांढरी. डबा तिनं मला न विचारता उघडला होता, आणि वाढलेली कुरडई माझीच होती.