आधी भिंतीला विचारा!

दिवसभर मॉनिटरकडे मान काढून बसायचं आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन थेट बारबेल डोक्यावर उचलायचा, हा माझा दोन वर्षांचा उद्योग. खांदे भरताहेत म्हणून मी खूश. मग एका सकाळी शर्ट घालताना उजवा खांदा असा चमकला, की हात बाहीतच अडकला.

जिममधल्या सरांनी मला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा वीतभर पुढे, कंबर भिंतीला चिकटलेली. ‘आता हात सरळ वर ने आणि अंगठे भिंतीला टेकव.’ अंगठे भिंतीच्या चांगले चार बोटं अलीकडेच थांबले. जोर लावला तर कंबर सुटली, बरगड्या पुढे आल्या. ‘हेच तू वजन घेऊन करतोस,’ सर म्हणाले.

त्याचं असं आहे, हात पूर्ण वर जायला पाठीचा वरचा भाग थोडा मागे वळावा लागतो आणि खांद्याचं पातं फिरावं लागतं. बसून बसून आखडलेली पाठ वळत नाही. मग राहिलेलं अंतर कंबर आणि खांदा भरून काढतात. बिल अर्थात त्यांच्याच नावावर!

म्हणून ओव्हरहेड प्रेस बंद. त्याऐवजी बारबेलचं एक टोक टॉवेलमध्ये गुंडाळून कोपऱ्यात टेकवायचं आणि दुसरं टोक एका हाताने खांद्यापासून तिरकं वर ढकलायचं. याला लँडमाइन प्रेस म्हणतात. हात उभा वर न जाता तिरका जातो, त्यामुळे आखडलेल्या पाठीलाही तो झेपतो. ज्या हाताने ढकलाल त्याच बाजूचा गुडघा जमिनीवर टेका, म्हणजे कंबरेला लबाडी करणं अवघड जातं. शेवटी पातं पुढे सरकू द्यायचं. बेंच प्रेसमध्ये पाती पाठीखाली दाबून धरलेली असतात, तिथे हे होत नाही. पुश-अप्समध्ये मात्र होतं.

ओढायच्या व्यायामासाठी तिरक्या बेंचवर छाती टेकून पालथं पडायचं आणि दोन्ही डंबेल्स बरगड्यांकडे ओढायचे. खाली हात पूर्ण लांबवायचे, वर क्षणभर थांबायचं. झटका द्यायची सोयच नाही! खांदे कानांकडे चढले किंवा हनुवटी पुढे आली, तर वजन जास्त आहे असं समजा. मी पंधरा किलोंवरून आठवर आलो. (शेजारच्या बेंचवरच्या कॉलेजकुमाराकडे बघायचं टाळलं.) ढकलण्याचे दोन सेट, तर ओढण्याचे चार, प्रत्येकी दहा वेळा.

आता दोन महिने झालेत. शर्ट विनातक्रार चढतो. हाताला मुंग्या येत असत्या, तर सर आधी डॉक्टरकडे पाठवणार होते, ती वेळ आली नाही. डेस्कवर मी अजूनही पोक काढूनच बसतो, तो काही डंबेल्सनी गेला नाही. परवा पुन्हा भिंतीपाशी उभा राहिलो. डावा अंगठा टेकला. उजवा अजून बोटभर लांब आहे, म्हणून बारबेल अजून सरांच्याच ताब्यात आहे.