खांदा दुखतो, खोट पित्ताशयात

खांद्याचा सांधा बिघडला असेल, तर हात हलवला की दुखणं वाढतं. केस विंचरताना किंवा त्या कुशीवर झोपताना कळ येते. हात सगळीकडे मोकळा फिरतो आणि तरीही खांदा ठणकतो, असं कोणी सांगितलं की माझ्यातला सर्जन खांदा सोडून पोटाकडे वळतो.

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचं दुखणं असंच होतं. वय 48. उजव्या खांद्याचा माथा दुखायचा आणि कधी कधी त्याच बाजूच्या फऱ्याखालीही. इतकी वर्षं फळ्यावर लिहिल्यामुळे दोष फळ्यालाच दिला गेला होता. मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यांची थोडी झीज दिसली, पण ती या वयात पुष्कळांना दिसते. शेक, व्यायाम, गोळ्या सगळं झालं. शेवटी फिजिओथेरपिस्टनेच त्यांना माझ्याकडे पाठवलं. हात पूर्ण वर जातो, दाबून कुठेच दुखत नाही, मग मी व्यायाम तरी कशाचा देऊ, असं तिचं म्हणणं होतं.

मी बाईंना विचारलं, "दुखत असताना हात हलवला तर?"

"काही फरक नाही, डॉक्टर. हात वर करा, खाली करा, तेवढंच दुखतं. आणि शाळेत कधीच दुखत नाही. रात्रीच उठतं."

छातीशी किंवा खांद्याशी येणाऱ्या कळेमागे हृदयही असू शकतं, म्हणून ईसीजी आधी काढला. तो ठीक होता. मग मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली. कळ कधी उठली, किती वेळ टिकली आणि त्याआधी काय खाल्लं होतं, एवढंच लिहायचं. वही शिक्षिकेची, त्यामुळे तारीख-वार चोख होते. साध्या भाकरी-भाजीच्या रात्री कोऱ्या होत्या. पुरणपोळी आणि वर तुपाची धार, भाचीचं लग्न, शेजारच्या डोहाळजेवणातली भजी, या दिवशी मात्र जेवणानंतर दोन-तीन तासांनी कळ उठलेली. ती तास-दोन तास एकसारखी राहायची आणि मग आपोआप ओसरायची. काही वेळा पुढे 'मळमळ' असंही लिहिलेलं होतं.

तेलातुपाचं अन्न लहान आतड्यात उतरलं की पित्ताशय आवळतं आणि पित्त बाहेर सोडतं. तोंडाशी खडा अडकला, तर आवळणाऱ्या पित्ताशयावर ताण येतो आणि कळ सुरू होते. पण ती खांद्यात का जाणवावी? पित्ताशय यकृताखाली असतं आणि यकृताच्या वर श्वासपटल असतं. या श्वासपटलाचं माहेर मानेत आहे. गर्भात ते मानेच्या पातळीवर तयार होतं आणि खाली सरकताना तिथली फ्रेनिक नस बरोबर घेऊन येतं. ही नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघते. खांद्याच्या माथ्यावरच्या त्वचेची संवेदनाही तिसऱ्या-चौथ्या मज्जातंतूंतूनच जाते. सुजलेल्या पित्ताशयामुळे श्वासपटलाचा खालचा भाग चाळवला, की मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर निरोप पोचतो आणि मेंदू तो खांद्याचा समजतो. फऱ्याखालची कळ पित्ताशयाच्या स्वतःच्या नसांवाटे, पाठीच्या मज्जातंतूंच्या पातळीवर पोचते.

तपासताना उजव्या बरगडीखाली बोटं ठेवून मी बाईंना खोल श्वास घ्यायला सांगितला. श्वास अर्ध्यातच अडला. उपाशीपोटी सोनोग्राफी केली, कारण जेवल्यावर पित्ताशय आक्रसतं आणि नीट दिसत नाही. आत खडे होते. कूस बदलल्यावर एक सोडून बाकीचे जागा बदलत होते. तो एक तोंडाशी रुतलेला होता. भिंत 3 मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, इथे ती 5 होती.

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी बाई घाबरून म्हणाल्या, "डॉक्टर, खांदा पुन्हा दुखतोय!" या शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला वायू श्वासपटलाला चाळवतो आणि त्याच वाटेने खांदा दुखतो. दोन-तीन दिवसांत ते दुखणं थांबलं.

तरीही निदान पक्कं झालं असं मी तेव्हा म्हटलं नाही. पित्ताशयातले खडे फार जणांना असतात आणि बहुतेकांना त्यांचा कधीच त्रास होत नाही. सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून दुखऱ्या खांद्याचं खापर त्यांच्यावर फोडता येत नाही. हात वर नेताना मध्येच कळ येत असेल किंवा सांधा जखडला असेल, तर पित्ताशय काढूनही खांदा तसाच दुखत राहील. बाईंच्या बाबतीत दुखण्याची वेळ, जेवण, मोकळा सांधा आणि अडलेला श्वास हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. पुढच्या वर्षभरात सणावाराची जेवणं झाली आणि कळ एकदाही उठली नाही, तेव्हाच मी त्यांच्या फाइलवर खांद्याच्या दुखण्याचं कारण म्हणून पित्ताशय लिहिलं.