चौकटीच्या कडेचा माणूस

एक कथा बरेच दिवस मनात घोळते आहे. तिची नायिका पारोळ्याची. पुण्याला संकलन शिकून आलेली, घराच्या माडीवर संगणक मांडून बसलेली. गावातल्या बालाजी महाराजांच्या रथोत्सवावर कोणीतरी माहितीपट करतंय आणि त्याचं सगळं कच्चं चित्रण तिच्या हाती आलंय. एक कॅमेरा गर्दीत होता, दुसरा एका धाब्यावर.

रथाच्या चाकाखाली मोगरी लावणाऱ्याचे हात ती बघत असते. तेवढ्यात चौकटीच्या उजव्या कडेला तिला एक माणूस दिसतो. सगळ्या गर्दीचे डोळे रथाकडे, त्याचे थेट कॅमेऱ्याकडे. छातीशी त्याने पुठ्ठा धरलाय आणि त्यावर काहीतरी लिहिलंय. रथ पुढे सरकतो आणि माणूस झाकला जातो.

अशा प्रसंगाला साहित्यात नि सिनेमात जुनी वाट आहे. हुलिओ कोर्तासारच्या कथेत छायाचित्रकाराने भिंतीवर लावलेला मोठा फोटो हलू लागतो. तिच्यावरून अंतोनिओनीने १९६६ साली ‘ब्लो-अप’ केला. त्यात फोटो इतका मोठा होत जातो की शेवटी नुसते ठिपके उरतात. आपल्याकडे १९८३ च्या ‘जाने भी दो यारो’मधले दोघे फोटोग्राफरही असाच फोटो मोठा करत खुनापर्यंत पोचतात, त्यातल्या बागेला अंतोनिओनीचंच नाव दिलं होतं. तो चित्रपट रेणू सलुजांनी संकलित केला होता, हे संकलनावरच्या कथेत मला आवर्जून आठवतं.

माझी नायिकाही आधी चित्र मोठं करून बघते. हाती धूसर चौकोन लागतात. मग तिच्या लक्षात येतं की आपण कामासाठी काढलेली हलकी प्रत बघतोय. तिची रुंदी १२८० ठिपके, मूळ चित्रणाची ३८४०. हलक्या प्रतीत पुठ्ठा जेमतेम चाळीस ठिपक्यांचा आहे आणि एका ओळीत आठ अक्षरं असली तर अक्षराला पाचच ठिपके येतात. तेवढ्यात वेलांटी, मात्रा, अनुस्वार सगळं एकात एक मिसळतं. मूळ चित्रणात अक्षराला पंधरा ठिपके मिळतात. वाचायला ते पुरावेत, पण तरीही वाचता येत नाही, कारण कॅमेरा रथाबरोबर फिरत होता. सेकंदाला पंचवीस चौकटी आणि प्रत्येक चौकट एक पन्नासांश सेकंद उघडी, म्हणजे तेवढ्या वेळात पुठ्ठा आडवा ओढला जातो. जे टिपलंच गेलं नाही ते ताणून परत येत नाही.

पुढची पायरी मला या कथेचा गाभा वाटते. ढोलाच्या ठोक्यांवर दोन्ही कॅमेऱ्यांचा आवाज जुळवून ती धाब्यावरचं चित्रण बघते. तिथून फक्त त्या माणसाचं डोकं दिसतं, पण तो कुठे उभा होता आणि किती वेळ, ते कळतं. रथ गेल्यावरही तो हललेला नाही. तेव्हा ती गर्दीतल्या कॅमेऱ्याच्या शॉटचं शेपूट उघडते. काम झालं म्हणून कॅमेरामन थांबलाय, पण बटण अजून दाबलेलं नाही. असे तुकडे संकलक सहसा न बघताच टाकतो. इथे कॅमेरा स्थिर आहे, समोर रथ नाही आणि फोकस आपोआप मागे सरकलाय. थोड्याच चौकटी, पण अक्षरं स्वच्छ:

‘नाना, घर ये. माय वाट देखी ऱ्हायनी.’

अहिराणीत लिहिलेली ती ओळ एकाच माणसासाठी आहे. घर सोडून गेलेला भाऊ आज ना उद्या कुठेतरी हा रथ पडद्यावर बघेल, एवढ्या भरवशावर कोणीतरी गर्दीत पुठ्ठा धरून उभा राहिला.

आता प्रश्न कात्रीचा. प्रेक्षकाला ती ओळ वाचायची तर शॉट चारेक सेकंद तरी ठेवावा लागेल. चौकट स्थिर गोठवून ठेवता येईल, पण मग तो माणूस रथोत्सवाच्या सिनेमात एक चमत्कृती होऊन बसेल, आणि त्याने होकार दिलाय की नाही हे तर कोणालाच ठाऊक नाही. काढून टाकला, तर ज्या कॅमेऱ्यावर त्याने विश्वास ठेवला त्यानेच दगा दिल्यासारखं होईल. शिवाय माहितीपट पुरा व्हायला वर्ष लागेल आणि आईची वाट बघणं आजचं आहे.

म्हणून माझी नायिका त्या दिवशी संकलन थांबवते. ती चौकट काढते, शॉटची वेळ लिहून दिग्दर्शकाला कळवते आणि सांगते की सिनेमाचं नंतर बघू, आधी या माणसाला गाठू. त्याला विचारल्याशिवाय शॉट ठेवायचा नाही आणि कायमचा पुसायचाही नाही. भाऊ सापडला की नाही, ते कथेत मी सांगणार नाही. संकलकाच्या हातात जेवढं असतं तेवढं तिने केलं.

जे कोणी लग्नाचं, जत्रेचं, गावच्या कार्यक्रमाचं चित्रण करतात नि कापतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे. कच्चं चित्रण पुसायच्या आधी प्रत्येक शॉट मूळ प्रतीत, अगदी शेपटापर्यंत, एकदा बघा.