आभाळ गेलं, कपाळ वाचलं

आज भरदुपारच्या लग्नाचं ग्रेडिंग. नवरीच्या कपाळावर पांढरा डाग, मागे कोरं आभाळ. परेड स्कोपमध्ये कपाळाचा फक्त लाल चॅनल माथ्याला टेकून सपाट झालेला, हिरवा-निळा शाबूत. फुटेज ब्लॅकमॅजिक रॉ, म्हणून रिझॉल्व्हच्या कॅमेरा रॉ पॅनेलमध्ये Highlight Recovery लावलं. उरलेल्या दोन चॅनलांच्या आधारावर त्वचा बऱ्यापैकी परतली.

आभाळाचे मात्र तिन्ही चॅनल सपाट. तिथे गेन खाली ओढला की राखाडी पडदा मिळतो, ढग नाहीत. शेवटी ल्युमा क्वालिफायरने आभाळ निवडून, कडा मऊ करून, क्षितिजाकडे फिकट होणारा निळा भरला. गडद निळ्याचा मोह टाळला. त्याने पानांभोवती पांढरी किनार उठते. कॅमेरावाल्यांनो, उन्हात झेब्रा चालू ठेवा!